जातककथेतले बोलणे मराठीत आणताना

प्राचीन कथांच्या हस्तलिखितांत अवतरणचिन्हे नसतात. ताडपत्रावर किंवा चर्मपटावर ओळ सलग चालत राहते आणि पात्र कुठे बोलू लागले, कुठे थांबले, हे वाचणाऱ्याला शब्दांवरूनच ओळखावे लागते. त्यामुळे जुन्या कथनभाषांनी या कामासाठी काही ठरावीक शब्द राखून ठेवले. हिब्रू कथेत बोलण्याच्या आधी ‘लेमोर’ हा शब्द येतो. त्याचा शब्दशः अर्थ ‘म्हणायला’ असा होतो, पण त्याचे काम ‘आता बोलणे सुरू’ एवढेच सांगण्याचे आहे. संस्कृतात हे काम ‘इति’ करतो, तेही बोलणे संपल्यावर. पालीत त्याच ‘इति’चा बहुधा ‘ति’ होतो आणि तो बोलण्याच्या शेवटच्या शब्दाला चिकटतो. म्हणजे हिब्रू श्रोत्याला बोलण्याची सुरुवात सांगितली जाते, तर पाली श्रोत्याला शेवट.

मराठीत दोन्ही सोयी आहेत. ‘तो म्हणाला’ हे बोलण्याच्या आधी ठेवता येते. ‘असे तो म्हणाला’ हे मागे ठेवता येते. ‘म्हणून’ मात्र नेहमी मागेच येते. त्यामुळे पालीतून मराठीत येणाऱ्या प्रत्येक संवादापाशी निवड करावी लागते आणि ती व्याकरणाने सुटत नाही, कारण सगळेच पर्याय व्याकरणाला चालतात. ती कानाने सुटते. पुढील विवेचन जातककथांच्या मराठी अनुवादाच्या कामावर आणि त्या अनुवादाचे कच्चे खर्डे जुन्नर तालुक्यातल्या मढ गावी व आसपासच्या वाड्यांवर मोठ्याने वाचून पाहिल्यावर जे कळले त्यावर आधारलेले आहे.

जातकांच्या मराठी अनुवादाला आधीचा आधार आहे. धर्मानंद कोसंबी यांनी पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली आणि मराठीत बौद्ध वाङ्मयाची वाट रुळवली. विनोदी लेखक म्हणून ओळखले जाणारे चिं. वि. जोशी हे मुळात पालीचे प्राध्यापक होते. दुर्गा भागवतांनी ‘सिद्धार्थ जातक’ या नावाने सात खंडांत जातके मराठीत आणली. या सगळ्यांचा वाचक पुस्तक हातात धरून वाचणारा होता. त्याच्यासमोर अवतरणचिन्हे असतात, नवा परिच्छेद असतो, मागे वळून पाहण्याची सोय असते. मढला ज्यांच्यापुढे वाचन झाले, त्यांच्यापुढे यातले काहीच नव्हते. जातक मुळात ज्या श्रोत्यासाठी रचले गेले, त्याचीही हीच स्थिती होती.

मढ हे जुन्नरच्या पश्चिमेला, माळशेज घाटाच्या वाटेवर, पिंपळगाव जोगा धरणाच्या परिसरातले गाव. या पट्ट्यात महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती मोठी आहे, पाऊस भरपूर आणि भातशेती मुख्य. आवणी उरकली की संध्याकाळी माणसे थोडी मोकळी होतात. जुन्नरच्या डोंगरांत बौद्ध लेणी आहेत आणि त्यांवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत दानलेख आहेत, पण वाचनासाठी मढ निवडण्याचे कारण ते नव्हते. या बाजूची जुनी माणसे अजून गोष्ट तोंडाने सांगतात आणि कानाने ऐकतात, ऐकणारा मधूनमधून हुंकार देतो, आणि गोष्ट समजेनाशी झाली की हुंकार थांबतो. अनुवादकाला हवी असलेली परीक्षा हीच होती.

आधी पाली मजकूर समजून घेण्यातली अडचण पाहू. ‘ति’ जोडला जाताना त्याच्या आधीचा ऱ्हस्व स्वर दीर्घ होतो आणि आधी अनुस्वार असेल तर त्याचा ‘न्’ होतो. ‘गमिस्सामि’ म्हणजे ‘जाईन’. कोणी तसे म्हटले की ते ‘गमिस्सामीति’ होते. पण पालीत वर्तमानकाळी तृतीय पुरुषी क्रियापदही ‘ति’नेच संपते. ‘भासति’ म्हणजे ‘बोलतो’. इथला ‘ति’ क्रियापदाचा प्रत्यय आहे, अवतरणाशी त्याचा काही संबंध नाही. तेच क्रियापद बोलण्याच्या शेवटी आले तर ‘भासतीति’ होते आणि दोन्ही ‘ति’ शेजारी दिसतात. नवख्याची गफलत इथे होते. तो क्रियापदाच्या ‘ति’वर बोलणे संपवतो किंवा अवतरणाचा ‘ति’ क्रियापदात मोजून पुढचे निवेदनही पात्राच्या तोंडी घालतो. दीर्घ स्वर ही ओळखण्याची पहिली खूण. दुसरी खूण अर्थाची: ‘ति’नंतर पुष्कळदा बोलणे, विचार करणे, जाणणे, विचारणे अशा अर्थाचे क्रियापद येते. आजच्या छापील आवृत्त्यांत अवतरणचिन्हे असतात, पण ती संपादकांनी घातलेली आहेत आणि अडनिड्या जागी दोन आवृत्त्यांत ती वेगवेगळ्या ठिकाणी पडू शकतात. त्यामुळे चिन्हांवर न विसंबता ‘ति’ मोजत जाणे हा पहिला टप्पा ठरतो.

दुसरी गोष्ट अशी की ‘ति’ फक्त बोलणे बंद करत नाही. मनातला विचार, हेतू, कारण, एखाद्याचे नाव, शब्दाचा अर्थ, हे सगळे ‘ति’ लावूनच सांगितले जाते. पात्र मनात काही योजते तेव्हा ‘ति चिंतेत्वा’ येते, म्हणजे ‘असे मनात आणून’. मुलाचे नाव ठेवतानाही नावाला ‘ति’ लागतो. इंग्रजीसारख्या भाषेत या प्रत्येक अर्थाला वेगळी रचना शोधावी लागते. मराठीत तसे करावे लागत नाही, कारण ‘म्हणून’ जवळजवळ एवढेच काम करते. ‘येतो म्हणून गेला’ हे बोलणे. ‘पाऊस येईल म्हणून छत्री घेतली’ हा विचार, आणि तोच कारणही. ‘पोर शिकावे म्हणून जुन्नरला ठेवले’ हा हेतू. ‘गोंदा म्हणून एक गडी होता’ हे नाव. प्राकृतातला ‘त्ति’ मराठीत टिकला नाही, पण त्याची जागा ‘म्हणणे’ या धातूच्या रूपाने घेतली. शेजारच्या कन्नडमध्ये ‘एंदु’ आणि तेलुगूत ‘अनि’ हेही ‘म्हणून’ याच अर्थाचे, ‘म्हणणे’ या धातूपासून झालेले आणि बोलण्याच्या मागे येणारे शब्द आहेत. पाली कथेचा ‘ति’ मराठीत आणताना ही घरचीच सोय वापरायची असते. पुस्तकी सवयीने मात्र पहिल्या खर्ड्यांत ती वापरली जात नाही. तिथे ‘असा विचार करून’, ‘या हेतूने’, ‘या नावाचा’ अशा तीन वेगळ्या रचना येतात आणि कथेचा एकसंध सूर तुटतो.

हे सगळे एका कथेत नीट दिसते. ती म्हणजे 215 क्रमांकाचे कच्छप जातक. पंचतंत्रातल्या कंबुग्रीव कासवाची आणि संकट-विकट या हंसांची गोष्ट मराठी वाचकाला माहीत असते. जातकात तीच गोष्ट वेगळ्या चौकटीत येते. बुद्ध जेतवनात कोकालिक नावाच्या भिक्षूच्या निमित्ताने ती सांगतात. वाराणसीचा राजा फार बोलका आहे, तो बोलू लागला की दुसऱ्याला बोलायला जागा उरत नाही. बोधिसत्त्व त्याचा अमात्य आहे आणि राजाची ही खोड मोडायला निमित्त शोधतो आहे. इकडे हिमालयातल्या तळ्यावर दोन तरुण हंसांची आणि कासवाची मैत्री होते. हंस त्याला आपल्या सोन्याच्या गुहेकडे न्यायला तयार होतात, अट एकच की तोंड बंद ठेवायचे. कासव मधोमध काठी चावून धरते, हंस दोन्ही टोके धरून उडतात. गावातली पोरे ते पाहून ओरडतात. कासवाला उत्तर द्यायची सुरसुरी येते, काठी सुटते, आणि ते राजाच्या वाड्यात पडून दुभंगते. राजा अमात्याला कारण विचारतो. ही कथा बोलण्याबद्दलच आहे आणि छोट्याशा गद्यात बोलण्याच्या इतक्या तऱ्हा आहेत की अनुवादाच्या बहुतेक अडचणी एकाच ठिकाणी भेटतात.

पहिली अडचण हंस-कासव संवादाची. हंस बोलतात तेव्हा मूळ कथा सुरुवातीलाच ‘आहंसु’, म्हणजे ‘म्हणाले’, हे क्रियापद देते. त्यानंतर कासवाचा प्रश्न, हंसांची अट आणि कासवाचे वचन असे तीन संवाद लागोपाठ येतात, पण त्यांतल्या एकालाही ‘म्हणाला’ नाही. प्रत्येकाच्या शेवटी फक्त ‘ति’ आहे. पाली श्रोत्याला ‘ति’ ऐकला की कळते, याचे संपले, आता समोरचा बोलतो. तो एक अक्षरी शब्द पाळी बदलल्याची खूण म्हणून पुरतो.

हे मराठीत छापताना सोपे वाटते. प्रत्येक संवाद नव्या ओळीवर घ्यायचा, चिन्हे घालायची, ‘म्हणाला’ गाळायचे. कागदावर ते छान आणि वेगवान दिसते. मोठ्याने वाचताना मात्र कासवाच्या वचनापाशी ऐकणारा अडतो. मढच्या वाचनात याच जागी हुंकार थांबला आणि प्रश्न आला, ‘ह्ये कोन म्हनलं?’ यावर उलट टोकाचा उपायही करून पाहण्यात आला. प्रत्येक संवादाला ‘कासव म्हणाले’, ‘हंस म्हणाले’ जोडले. गोंधळ मिटला, पण संवादाची चटचट गेली. मूळ कथा या ठिकाणी मुद्दाम घाईत आहे, कारण कासवाला जायची घाई आहे.

टिकले ते मधले रूप. पाळी बदलल्याची खूण बोलण्याच्या आतच ठेवायची. कासवाच्या प्रश्नात ‘मी’ आणि ‘कसा’ आहे, हंसांच्या अटीत ‘आम्ही’ आणि ‘तू’ आहे, वचनात पुन्हा ‘मला’ आहे. मराठी क्रियापदही बोलणाऱ्याचे वचन दाखवते, त्यामुळे ‘येऊ कसा मी?’ आणि ‘आम्ही नेतो ना तुला’ यांतला बोलणारा ओळखायला निराळ्या शब्दाची गरज उरत नाही. फक्त शेवटच्या वचनाला ‘कासव म्हणाले’ जोडायचे, कारण तिथून निवेदन पुन्हा सुरू होते आणि श्रोत्याला संवाद संपल्याचे कळणे आवश्यक असते. यातून एक नियम हाती लागतो. दोघांच्याच संवादात मधले ‘म्हणाला’ गाळता येतात, पण संवादात शिरताना एकदा आणि बाहेर पडताना एकदा बोलणाऱ्याचे नाव घ्यावे. तिसरे पात्र आले की ही सवलत संपते.

याच संवादात संबोधनाचा प्रश्न येतो. हंस कासवाला ‘सम्म’ म्हणतात. हा बरोबरीच्या मित्राला हाक मारण्याचा शब्द आहे, मराठीत ‘मित्रा’पेक्षा ‘गड्या’ जास्त जवळचा. पण कासव वचन देताना त्यांना ‘सामि’ म्हणते, म्हणजे धनी, मालक. काम करून घ्यायचे आहे तेव्हा मित्रही धनी होतो, हा बारकावा मूळ कथेत एका शब्दात आहे. मराठीत तो ‘न्या मला’ या आज्ञार्थात अर्धा आपोआप येतो, कारण हंस दोन आहेत आणि अनेकवचन हेच मराठीत आदराचेही रूप आहे. उरलेला अर्धा ‘बाबांनो’ने येतो. ‘स्वामी’ ठेवले तर कासव एकदम देवळात उभे राहिल्यासारखे बोलू लागते. तत्सम शब्द दिसायला सारखा असला तरी त्याचा आजचा वापर वेगळा आहे, हे पाली-मराठी अनुवादात सतत सांभाळावे लागते.

दुसरी जागा पोरांच्या ओरडण्याची. ‘दोन हंस कासवाला काठीने नेताहेत’ एवढाच त्याचा आशय, त्याला ‘ति’ आणि मागे ‘आहंसु’. इथे ‘पोरे म्हणाली’ पुढे ठेवायचे की मागे? मराठी बोलीत छोटे, अचानक आलेले बोलणे आधी येते आणि कोण बोलले ते मागाहून. लांब बोलणे असेल तर उलट, बोलणारा आधी सांगावा लागतो, नाहीतर श्रोता बराच वेळ अधांतरी राहतो. लांब बोलण्याच्या शेवटी पुन्हा ‘असे’ घेऊन ते बंदही करावे लागते. मढ परिसरातल्या सांगणाऱ्यांच्या तोंडी दोन्ही टोके सहज येतात: ‘म्हनला, मी काय येत न्हाय म्हनला.’ लेखी मराठीला ही दुरुक्ती खटकते, पण तिच्यामागचे कारण पक्के आहे. पुढचा ‘म्हनला’ बोलणाऱ्याची ओळख देतो आणि मागचा ‘ति’चे काम करतो. अनुवादात ही रचना जशीच्या तशी घेतली नाही. पण मोठ्या भाषणांना पुढे ‘म्हणाला’ आणि मागे ‘असे सांगून’ अशी दोन्ही टोके ठेवली, आणि पोरांच्या ओरडण्याला मागचे एकच.

तिसरी जागा या कथेतली सर्वांत नाजूक आहे. कासवाचे उत्तर मूळ कथेत पूर्ण दिलेले आहे: माझे मित्र मला नेताहेत, त्यात तुमचे काय जाते, अशा अर्थाचे, वर एक शिवी. पण त्याच्या ‘ति’नंतर ‘म्हणाले’ येत नाही, ‘वत्तुकामो’ येतो, म्हणजे ‘बोलू इच्छिणारा’. श्रोता आधी सगळे वाक्य ऐकतो आणि मग त्याला कळते की ते बोलले गेलेच नाही. तोंड उघडताच काठी सुटली. ‘ति’ मागे येत असल्यामुळेच हा खेळ पालीत शक्य होतो. ‘कासवाला म्हणायचे होते की…’ अशी सुरुवात केली तर अर्थ बरोबर येतो, पण गंमत पहिल्या तीन शब्दांतच संपते. ‘की’ आधी वाक्याचे स्वरूप सांगून टाकतो आणि मग आशय देतो. इथे ‘म्हणून’ किंवा ‘असे’ची मागची जागाच हवी. आधी कासवाचे वाक्य, मग ‘असे म्हणायला म्हणून त्याने तोंड उघडले’. या रचनेत बोलणे, हेतू आणि अपघात एका ‘म्हणून’वर येतात. वाचताना या जागी हसू आले आणि पुढे काही समजावून सांगावे लागले नाही. शिवीचा मूळ शब्द ‘दुट्ठचेटका’ असा आहे, ‘दुष्ट नोकरड्यांनो’ या वळणाचा. त्याला ‘कार्ट्यांनो’ पुरते, कारण समोर पोरे आहेत आणि कासवाचा राग मोठा असला तरी त्याची पत लहान आहे.

चौथी जागा अमात्याच्या विचाराची. राजा विचारतो, पंडिता, हे पडले कसे? अमात्य उत्तर देण्यापूर्वी मनात बराच मोठा हिशेब करतो: आपण कधीपासून संधी शोधत होतो, या कासवाची हंसांशी मैत्री झाली असणार, त्याला हिमालयात नेऊ म्हणून त्यांनी काठी धरायला लावली असणार, कोणाचे तरी बोलणे ऐकून याला काही बोलावेसे वाटले असणार. हे सगळे ‘ति चिंतेत्वा’ने बंद होते, आणि मधल्या ‘नेऊ’ला स्वतःचा वेगळा ‘ति’ आहे. म्हणजे विचाराच्या आत हंसांचा हेतू, दोन मजली अवतरण. छापील मराठीत दुहेरी आणि एकेरी चिन्हे घालून ते दाखवता येते, पण कानाला चिन्हे ऐकू येत नाहीत.

इथे दोन उपाय लागले. आतल्या अवतरणाला ‘म्हणून’ आणि बाहेरच्या विचाराला ‘असे’, अशी वाटणी केली की दोन मजले वेगळे ऐकू येतात. दोन्हीकडे ‘असे’ वापरले तर श्रोता पहिल्या ‘असे’वरच विचार संपवतो. दुसरा उपाय म्हणजे बाहेरच्या विचाराला पुढेही खूण देणे: ‘अमात्याच्या मनात आले’ असे आधी सांगून टाकणे. मूळ कथेत ही पुढची खूण नाही, पण इतका लांब विचार मागच्या एका शब्दावर तोलण्याची सवय मराठी कानाला नाही. इथे मुळाला एक शब्द वाढवणे हेच मुळाशी प्रामाणिक ठरते. विचारातल्या क्रियापदांचे भविष्यकाळी रूप पालीत अंदाज दाखवते, त्याला ‘झाली असणार’, ‘लावली असणार’ ही मराठी रूपे नेमकी बसतात. ‘असणार’ची ही माळच श्रोत्याला सांगत राहते की हे अजून मनातले आहे.

शेवटची जागा राजाच्या ओळखीची. अमात्य गाथा म्हणून दाखवतो, आणि राजाला उमगते की हे आपल्यावरच आहे. पालीत आधी तो विचार येतो, ‘ति ञत्वा’, आणि लगेच तीच गोष्ट राजा प्रश्न म्हणून विचारतो, ‘ति आह’. विचारात राजा स्वतःला एकवचनात धरतो, बोलताना ‘आम्हांला’ म्हणतो. मनातला राजा साधा माणूस आहे आणि तोंडातला राजा दरबारी. मराठीत हा फरक सहज येतो: ‘हा मला बोलतोय, हे राजाने ओळखले आणि विचारले, पंडिता, आमच्याबद्दल बोलतोस का?’ दोन्ही ठिकाणी ‘मला’ ठेवले तर सलग पुनरुक्ती वाटते आणि अनुवादक त्यातले एक गाळून टाकण्याच्या मोहात पडतो.

अमात्याच्या उत्तरात अडचण उलटी आहे. तो ‘महाराज’ अशी हाक मारतो आणि पुढे ‘त्वं’ वापरतो. पालीत ‘त्वं’ने राजाचा अपमान होत नाही. मराठीत अमात्याने राजाला ‘तू’ म्हटले तर श्रोत्याचे लक्ष उपदेशावरून उडून उद्धटपणाकडे जाते. म्हणून ‘महाराज, आपण असा की दुसरा कोणी’ असे घ्यावे लागते. पण ‘आपण’ घेतले की वाक्य मऊ होते आणि अमात्याचा स्पष्टपणा कमी होण्याची भीती असते. तो वाक्याच्या उरलेल्या भागात, आडपडदा न ठेवता, भरून काढावा लागतो. निवेदकाने अमात्याला ‘म्हणाला’ म्हणायचे की ‘म्हणाले’, हाही प्रश्न येतोच. कथेत तो माणूस आहे, चौकटीत तो पुढे बुद्ध होणार आहे. कथेच्या आत ‘म्हणाला’ आणि जेतवनातल्या चौकटीत बुद्धांसाठी ‘म्हणाले’ अशी वाटणी केल्यावर कथा आणि चौकट कानालाही वेगळ्या कळल्या.

चौकटीतली सूत्रे मात्र वेगळ्या न्यायाने हाताळावी लागतात. पुष्कळ जातकांत बुद्ध भिक्षूंना विचारतात की कोणत्या गोष्टीवर बोलत बसला होतात, आणि उत्तर ‘इमाय नामाति वुत्ते’ एवढ्यात उरकते, म्हणजे ‘अमुक गोष्टीवर, असे सांगितल्यावर’. कथाकाराने इथे बोलणे मुद्दाम गाळले आहे, कारण श्रोत्याला ते आधीच कळले आहे. ‘वुत्ते’चे शब्दशः ‘असे म्हटले असता’ हे भाषांतर जुन्या पाठ्यपुस्तकी मराठीत रूढ आहे, पण बोलण्यात ‘असता’ कोणी वापरत नाही. ‘त्यांनी सांगितल्यावर’ पुरते. तसेच ‘साधूति संपटिच्छित्वा’ म्हणजे ‘ठीक आहे असे म्हणून ते स्वीकारून’. हे मराठीत ‘बरं म्हणून’ या दोन शब्दांत येते, आणि ‘म्हणून’मध्ये बोलणे व मान्य करणे दोन्ही आले. ‘अमात्य म्हणाला, ठीक आहे, असे म्हणून तो गेला’ अशी तिहेरी रचना खर्ड्यात दिसली की सूत्राचा प्रत्येक शब्द स्वतंत्रपणे उतरवला गेला आहे, हे ओळखावे. सूत्रे ही एकेक शब्दाने नव्हे, अख्खी घ्यायची असतात, आणि ती जिथे जिथे येतील तिथे तीच मराठी रचना वापरायची असते. दर वेळी नवे वळण दिले तर श्रोत्याला काहीतरी नवे घडले असे वाटते.

याच कारणाने ‘म्हणाला’ला पर्याय शोधण्याचा मोह टाळावा. शाळेतल्या निबंधांनी ‘उद्गारला’, ‘उत्तरला’, ‘वदला’, ‘कथन केले’ अशी यादी शिकवलेली असते. पालीत ‘आह’ आणि ‘अवोच’ शेकडो वेळा येतात आणि कथाकाराला त्यांचा कंटाळा येत नाही, कारण श्रोता ते ऐकूनही ऐकत नाही. त्याचे लक्ष बोलण्यावर असते. ‘उद्गारला’ म्हटले की लक्ष क्रियापदाकडे जाते. मराठीत निवड खरी आहे ती ‘म्हणाला’, ‘म्हटले’, ‘सांगितले’ आणि ‘विचारले’ यांत. ‘म्हणाला’ कर्त्याबरोबर चालते आणि माणूस समोर बोलताना दाखवते. ‘त्याने म्हटले’ थोडे दुरून, लेखी आहे. लीळाचरित्रासारख्या जुन्या मराठी गद्यात ‘सर्वज्ञें म्हणितलें’ हीच घडण सर्रास आहे, पण आजच्या कथनात ती जड होते. ‘म्हणे’ हे रूप तर निवेदनात वापरूच नये. कीर्तनाच्या वळणाने ते गोड वाटते, पण आजच्या बोलीत ‘म्हणे’ने ऐकीव गोष्ट आणि किंचित अविश्वास सूचित होतो. ‘राजा म्हणे फार बोलका होता’ याचा अर्थ ‘असे लोक सांगतात, आम्ही पाहिले नाही’ असा होतो.

गाथांपाशी या सगळ्या नियमांची मर्यादा येते. कच्छप जातकात दोन गाथा आहेत, आणि गद्याच्या मानाने त्या जुन्या मानल्या जातात. त्यांच्या आधी ‘इमा गाथा अवोच’ अशी औपचारिक घोषणा येते. ही घोषणा बोलीत विरघळवू नये. ‘मग त्याने या गाथा म्हटल्या’ असे स्वतंत्र वाक्य ठेवून थांबावे लागते, कारण इथे सूर बदलतो आणि तो बदलल्याचे श्रोत्याला कळायला हवे. याच एका जागी ‘म्हणाला’पेक्षा ‘म्हटल्या’ योग्य ठरते: पाठ असलेली रचना आपण म्हणतो आणि तिच्याशी क्रियापदाचा मेळ बसतो.

खर्डा तपासण्याची पद्धत शेवटी अशी ठरली. प्रथम पाली मजकुरातले सगळे अवतरणाचे ‘ति’ खुणावून घ्यायचे आणि प्रत्येकापुढे बोलणे, विचार, हेतू किंवा नाव असे लिहायचे. मग मराठी खर्ड्यात त्या प्रत्येक ठिकाणी खूण पुढे आहे, मागे आहे, दोन्हीकडे आहे की बोलण्यातच मुरली आहे, हे पाहायचे. नंतर अवतरणचिन्हे आणि नव्या ओळी काढून टाकून, सलग मजकूर दुसऱ्या कोणाकडून एका सुरात वाचून घ्यायचा. स्वतः अनुवादकाने वाचू नये, कारण तो आवाज बदलून वाचतो आणि उणीव झाकली जाते. ऐकणाऱ्याने ‘कोण म्हणाले’ असे विचारले तर खूण कमी पडली. त्याने पुढचे निवेदनही पात्राच्याच तोंडचे मानले तर शेवट बंद झालेला नाही. आणि तो काहीच न विचारता कंटाळला तर खुणा जास्त झाल्या. या तीन लक्षणांपैकी तिसरे सर्वांत उशिरा लक्षात येते, कारण त्यात चूक दाखवता येत नाही, फक्त हुंकार विरळ होतो. अशा वेळी दोघांच्या संवादातले मधले ‘म्हणाला’ एकेक करून काढत जावे आणि पहिला प्रश्न येताच शेवटचे काढलेले परत ठेवावे.